"अर्धे आत्ता भरा, बाकी स्कॉलरशिप आल्यावर" म्हणजे नक्की किती?

*"कॅप राउंडमधून इंजिनिअरिंगला नंबर लागला, जळगावकडचं खासगी कॉलेज आहे. ओबीसी, वडिलांची चार एकर कोरडवाहू कपाशी, घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच. कॉलेजने कागद दिला: ट्युशन ८०,०००, डेव्हलपमेंट ८,०००, विद्यापीठ शुल्क २,५००, परीक्षा ३,०००, डिपॉझिट ३,०००, ट्रेनिंग-प्लेसमेंट ६,०००, युनिफॉर्म आणि किट ४,५००, आयकार्ड-ॲप वगैरे १,५००, बस १६,०००. एकूण १,२४,५००. क्लर्क म्हणतात अर्धे आत्ता भरा, बाकी स्कॉलरशिप आल्यावर बघू. घरी सध्या वीस हजाराच्या वर नाहीत. यातलं काय भरावंच लागतं आणि हप्ते मिळतात का?"*

भाऊ, हप्ते बहुतेक ठिकाणी मिळतात, ते नंतर बघू. आधी क्लर्कच्या त्या एका वाक्याचा हिशोब कर, कारण सगळी गोम तिथे आहे. मी खासगी कॉलेजात स्टुडंट सेक्शनला बरीच वर्षं काढली, फी आणि स्कॉलरशिप हेच टेबल होतं, आणि फेब्रुवारीत खिडकीवर जी रडारड व्हायची ती जवळजवळ सगळी या "अर्धे आत्ता" मधून निघालेली असायची.

एकूण १,२४,५०० चे अर्धे ६२,२५०. म्हणजे राहिले ६२,२५०. घरी सगळे समजतात की हे राहिलेले सरकार भरणार. पण सरकार "एकूण" च्या निम्मे देत नाही, ट्युशन फीच्या निम्मे देतं. तू ओबीसी मुलगा, प्रवेश कॅपमधून म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत, तर तुला शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवरच्या योजनेतून ८०,००० चे निम्मे म्हणजे ४०,००० मिळतील. डेव्हलपमेंटवर काही नाही, बसवर नाही, युनिफॉर्मवर नाही. योजनेच्या नावात परीक्षा फी पण आहे, पण ती आली तर आली म्हणायचं, हिशोबात धरायची नाही. मग ६२,२५० मधून ४०,००० गेले तरी २२,२५० तुझ्याच डोक्यावर राहतात, आणि हे कोणी तुला जुलै-ऑगस्टमध्ये सांगत नाही, ते कळतं दुसऱ्या सेमिस्टरच्या परीक्षा फॉर्मच्या वेळी, फी बाकी असलेल्यांच्या यादीत नाव दिसलं की. तेव्हा वडील म्हणतात अरे स्कॉलरशिप होती ना, आणि क्लर्क म्हणतो ती जमा धरूनच सांगतोय. दोघंही आपल्या जागी खरं बोलत असतात.

त्यात क्लर्कची लबाडीच असते असं नाही. त्याला वरून सांगितलेलं असतं की प्रवेशाच्या दिवशी निम्मी रक्कम आली पाहिजे, आणि गर्दीत प्रत्येकाला ओळ न् ओळ समजावायला वेळ नसतो. म्हणून ते काम तुलाच करायचंय. तो कागद घे, पेन घे आणि प्रत्येक ओळीपुढे लिही की हा आकडा ठरवला कोणी. उत्तरं तीनच येतात: शासनाच्या शुल्क नियामक प्राधिकरणाने, विद्यापीठाने, किंवा कॉलेजने स्वतः.

ट्युशन आणि डेव्हलपमेंट या दोन ओळी प्राधिकरणाच्या. महाराष्ट्रात विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांसाठी २०१५ चा कायदा आहे, इंजिनिअरिंग, फार्मसी वगैरे त्यात येतात. कॉलेज आपला खर्च या प्राधिकरणाला दाखवतं आणि प्राधिकरण त्या कॉलेजच्या त्या कोर्सची त्या वर्षाची फी मंजूर करतं. हा आकडा गुपित नसतो, प्राधिकरणाच्या वेबसाइटवर कॉलेजचं नाव टाकून बघता येतो आणि कॉलेजनेही तो लावलेला असायला हवा. तू आजच बघ. बघताना वर्ष बरोबर निवड, कोर्स बरोबर निवड, आणि तिथे ट्युशन आणि डेव्हलपमेंट वेगळे दाखवलेत की एकत्र ते नीट वाच. हे वाचणं फार महत्त्वाचं, कारण समज तिथे एकूण ८२,००० मंजूर आहेत, डेव्हलपमेंट धरून, आणि तुझ्या कागदावर ८८,००० आहेत, तर ६,००० चा फरक तुझ्याकडून जातोय. शिवाय स्कॉलरशिप मंजूर ट्युशनवरच निघते, कागदावर कॉलेजने काय छापलंय त्यावर निघत नाही. म्हणून खाली मी ८०,००० धरून चाललोय, पण तुझा खरा आकडा तिथून उचल आणि माझ्या जागी टाक.

अजून एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. लॅब, लायब्ररी, इंटरनेट, जिमखाना यांचा खर्च कॉलेज प्राधिकरणापुढे मांडतंच, त्यावरूनच तर फी ठरते. त्यामुळे पुढच्या वर्षी कागदावर "लॅब चार्जेस" किंवा "इंटरनेट फी" अशी नवी ओळ उगवली तर शांतपणे विचारायचं की सर, हे मंजूर फीमध्ये नाही का. तुझ्या आत्ताच्या कागदावर ती ओळ नाही, चांगलं आहे, पण "आयकार्ड-ॲप वगैरे" मधलं "वगैरे" काय आहे ते विचार. वगैरे ही काही फी नसते.

विद्यापीठ शुल्क आणि परीक्षा फी यात घासाघीस होत नाही. तुझं कॉलेज बहिणाबाई चौधरी विद्यापीठाला जोडलेलं असेल किंवा लोणेरेच्या बाटू विद्यापीठाला, खान्देशात इंजिनिअरिंगची दोन्ही प्रकारची कॉलेजं आहेत. जे असेल त्याचं परिपत्रक स्टुडंट सेक्शनला मागितलं तर दाखवतात. फक्त एवढं विचार की ३,००० ही एका सेमिस्टरची आहे की वर्षाची. मी वर्षाची धरलीये. एका सेमिस्टरची असेल तर मार्च-एप्रिलमध्ये अजून ३,००० लागतील आणि ते आत्ताच वहीत लिहून ठेवलेले बरे.

डिपॉझिट हा खर्च नाही, तो ठेवलेला पैसा आहे. कोर्स संपल्यावर परत मिळतो, मात्र मूळ पावती मागतात आणि चार वर्षांनी ती कोणाकडेच नसते. पावती घेतलीस की फोटो काढून स्वतःलाच मेल कर.

आता कॉलेजने स्वतः लावलेल्या ओळी. बस, ट्रेनिंग, युनिफॉर्म. बस ही सोय आहे, घेतली तर पैसे, नाही घेतली तर नाही, ती प्रवेशाला बांधता येत नाही. तुझ्या गावाहून एसटी आहे का आणि वेळ जुळते का हे तुलाच माहीत. एसटीचा विद्यार्थी पास तिकिटाच्या साधारण एक तृतीयांशात पडतो, कॉलेजचं बोनाफाईड नेलं की डेपोत मिळतो. पण सकाळची गाडी फाट्यावर थांबत नसेल, किंवा प्रॅक्टिकल संपेपर्यंत शेवटची गाडी गेलेली असेल, तर पास स्वस्त असूनही उपयोगाचा नाही, आणि मग कॉलेज बस घेणंच शहाणपणाचं. अशा वेळी विचारायचं की बसची फी सेमिस्टरप्रमाणे भरता येईल का. बऱ्याच ठिकाणी येते. निदान दिवाळीपर्यंत गाडीचा अंदाज येतो.

ट्रेनिंग-प्लेसमेंटचे ६,००० यावर माझं मत स्पष्ट आहे, पहिल्या वर्षाच्या पोराला याची गरज नाही. पहिल्या वर्षी कुठलीही कंपनी येत नाही. जे होतं ते इंग्रजी बोलण्याचे आणि ॲप्टिट्यूडचे क्लास, काही ठिकाणी चांगले असतात, काही ठिकाणी आठवड्यातला एक तास. हे ऐच्छिक आहे का असं तोंडी विचारलं तर "सगळेच भरतात" असं उत्तर येतं, ते उत्तर नाही. एका साध्या अर्जावर लिही की मी यावर्षी ही सुविधा घेऊ इच्छित नाही, कृपया रक्कम वगळावी, दोन प्रती कर, एकीवर आवक शिक्का घे. शिक्का मारलेला अर्ज टेबलावर आला की तोच माणूस वेगळ्या आवाजात बोलतो, हे मी टेबलाच्या पलीकडून बघितलंय.

युनिफॉर्म लागणारच असेल तर लागेल, त्यावर भांडण्यात अर्थ नाही, पण किटमध्ये काय काय आहे ते विचार. ड्रॉइंग बोर्ड, ॲप्रन, कॅल्क्युलेटर असं असेल तर सिनियरकडून अर्ध्या किमतीत मिळतं.

आणि यातला कुठलाही पैसा भरला तरी पावती कॉलेजच्या नावाची, ओळीचं नाव लिहिलेली पाहिजे. पावती संस्थेच्या किंवा ट्रस्टच्या नावाने "देणगी" म्हणून फाडत असतील, किंवा पावतीच नाही म्हणत असतील, तर तिथे थांबायचं. मंजूर फीच्या वर असा पैसा घेणं १९८७ च्या कॅपिटेशन फी बंदी कायद्याखाली गुन्हा आहे. तुझ्या कागदावर असलं काही दिसत नाहीये, म्हणून उगाच त्या दिशेने जाऊ नको.

मग तुझा खरा आकडा काय? ट्युशनचे निम्मे ४०,०००, डेव्हलपमेंट ८,०००, विद्यापीठ २,५००, परीक्षा ३,०००, डिपॉझिट ३,०००, हे झाले ५६,५००. त्यात युनिफॉर्म ४,५०० आणि आयकार्ड १,५०० धर, ६२,५००. ट्रेनिंग आणि बस सोडलं तर वर्षभरात घरातून जाणारा कॉलेजचा पैसा एवढाच. गंमत बघ, क्लर्क आज मागतोय तो आकडा ६२,२५० आणि हा ६२,५००, जवळजवळ सारखेच. फरक असा की त्याच्या हिशोबात हे भरूनही २२,२५० उरतात आणि तुझ्या हिशोबात वर्ष संपतं. उरलेले २२ हजार म्हणजे बसचे १६ आणि ट्रेनिंगचे ६, वरचे अडीचशे इकडेतिकडे.

आता हप्ते. इथे कायदा फार मदत करत नाही, हप्ते देणं कॉलेजच्या मर्जीवर असतं, म्हणून मागायचं कसं यावर बरंच अवलंबून आहे. "सर थोडं ॲडजस्ट करा ना" असं म्हटलं तर क्लर्कला काहीच करता येत नाही, त्याच्या हातात अधिकार नसतो. तारखा आणि रकमा लिहिलेला अर्ज प्राचार्यांच्या नावाने घेऊन गेलास तर तो वर पाठवता येतो आणि त्यावर सही होते. तारखा तुमच्या कपाशीप्रमाणे टाक. जुलै-ऑगस्ट म्हणजे खत आणि फवारणीने घर रिकामं, कोरडवाहू कपाशीची पहिली खरी वेचणी दसरा-दिवाळीच्या आसपास, आणि हातात पैसा दिसतो नोव्हेंबर-डिसेंबरला, त्यातही भाव पडलेला असला तर वडील माल घरात ठेवणार. म्हणून मी असं लिहिलं असतं: प्रवेशाच्या दिवशी २०,०००, १५ डिसेंबरपर्यंत २५,०००, ३१ जानेवारीपर्यंत १७,५००, आणि ट्युशनचे राहिलेले ४०,००० महाडीबीटीवरून. अर्जात कारण एका ओळीत दे, शेतीचं उत्पन्न डिसेंबरनंतर येतं. खान्देशातल्या कॉलेजात ते कोणाला समजावून सांगावं लागत नाही, निम्म्या स्टाफच्या घरी कपाशी नाहीतर केळी असते.

आणि एक बारीक गोष्ट जी कोणीच बघत नाही. आज भरलेले २०,००० पावतीवर कुठल्या ओळीत जमा झाले ते बघ. सगळे ट्युशनमध्ये टाकले तर ऑक्टोबरला परीक्षा फॉर्मच्या वेळी संगणक म्हणतो परीक्षा फी बाकी, आणि तू म्हणतोस मी तर वीस हजार भरलेत. म्हणून भरतानाच सांग की यातून आधी विद्यापीठ २,५००, परीक्षा ३,०००, डिपॉझिट ३,०००, आयकार्ड १,५०० आणि डेव्हलपमेंट ८,००० घ्या, हे झाले १८,०००, राहिलेले २,००० ट्युशनमध्ये टाका. युनिफॉर्मचे पैसे डिसेंबरच्या हप्त्यात ठेवायचे किंवा शिलाई होते तेव्हा द्यायचे. असं केलं की पहिल्या सेमिस्टरच्या परीक्षेला तुला कोणी अडवायला कारण उरत नाही, बाकी जे आहे ते फक्त ट्युशन आणि त्याच्या तारखांवर प्राचार्यांची सही आहे.

काही कॉलेजं हप्त्यांसाठी पुढच्या तारखांचे चेक मागतात. तुमच्या स्वतःच्या हप्त्यांचे चेक द्यायला हरकत नाही, पण स्कॉलरशिपच्या ४०,००० चा चेक देऊ नको. सरकारी पैसा कुठल्या महिन्यात येईल हे कोणी सांगू शकत नाही, आणि चेक वटला नाही तर ती वेगळी कोर्टकचेरी. त्याऐवजी हमीपत्र देतात, की स्कॉलरशिप नामंजूर झाली तर मी रक्कम भरेन. ते द्यावंच लागतं, पण सही करण्याआधी वाच. "कोणत्याही कारणाने" असं छापलेलं असेल तर विनंती कर की "विद्यार्थ्याच्या चुकीमुळे" असं करा. कारण अर्ज तू वेळेत भरला आणि कॉलेजच्या लॉगिनमध्येच तो पडून राहिला असंही होतं. प्रत्येक ठिकाणी ते शब्द बदलून देणार नाहीत, विचारून बघायचं.

ते ४०,००० खरंच येण्यासाठी काय लागतं ते आता. पहिलं, प्रवेश कॅपमधूनच असला पाहिजे, तुझा आहे. तुझा कोणी मित्र "कॅप सोडून थेट कॉलेजमध्ये सीट घे, चांगली ब्रँच देतो" या बोलण्याला भुलत असेल तर त्याला सांग, संस्थास्तरीय जागेवर ही स्कॉलरशिप नाही, पूर्ण फी घरातून. दुसरं, कागद: जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला. वैधता अजून हातात नसून नुसती पावती जोडली असेल तर मुदत लिहून ठेव, ती चुकली की राखीव गटातला प्रवेशच धोक्यात येतो आणि फीचं गणित मुळापासून बदलतं.

तिसरं बँक खातं, आणि यातच जास्त पोरं अडकतात. पैसा तुझ्या फॉर्मवरच्या खात्यात जात नाही, आधारला शेवटचं जे खातं जोडलेलं आहे त्यात जातो. कधीतरी सिमकार्ड घेताना किंवा गावात कोणी टॅब घेऊन आला तेव्हा अंगठा दिलेला असतो, त्यातून एक खातं उघडलेलं असतं, आणि पैसा तिथे जाऊन बसतो. पोरगं महिनाभर महाडीबीटीवर "जमा झाले" बघतं आणि पासबुक कोरं. आपल्या बँकेत जाऊन आधार कुठल्या खात्याला जोडलंय हे आत्ताच विचारून घे. आणि फॉर्म भरला की दर पंधरा दिवसांनी लॉगिन करून बघ, काही त्रुटी असली तर अर्ज परत तुझ्याकडेच येतो आणि तो परत पाठवण्याची मुदत असते, फोन करून कोणी सांगत नाही.

पैसा साधारण दोन भागांत येतो, कधी कधी दुसरा भाग पुढच्या वर्षात जातो. आणि तो तुझ्या खात्यात येतो, कॉलेजच्या नाही. तो आला त्या आठवड्यात घरी युरिया आणायचा असेल किंवा बहिणीच्या लग्नाचा बस्ता असेल तर काय होतं ते सांगायला नको. वडिलांना आधीच सांगून ठेव की हा पैसा आपला नाही, कॉलेजचा आहे, फक्त आपल्या दारावरून जातोय. मी असे हुशार पोरं बघितलेत ज्यांचे स्कॉलरशिपचे पैसे आले आणि गेले, आणि दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाला आधीची बाकी आणि नवीन हप्ता दोन्ही एकदम समोर उभे.

तुझ्यापेक्षा वेगळी परिस्थिती असलेले कोणी वाचत असतील तर थोडक्यात. ओबीसी, ईडब्ल्यूएस किंवा एसईबीसी मुलगी असेल आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत, तर ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ट्युशन आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे, म्हणजे वरच्या हिशोबातले ट्युशनचे ४०,००० घरातून जाणारच नाहीत, पण डेव्हलपमेंट आणि बाकी ओळी राहतातच, "मुलींना सगळं फुकट" हे खरं नाही. धुळे-नंदुरबारकडच्या आदिवासी पोरांना आणि एससीच्या पोरांना योजना वेगळ्या, त्यात अडीच लाखांच्या आत उत्पन्न असेल तर स्कॉलरशिप आणि वर असेल तर फ्रीशिप असं चालतं, आणि त्यांच्याकडून पूर्ण ट्युशन आधी मागत असतील तर समाजकल्याण किंवा आदिवासी प्रकल्प कार्यालयात विचारावं. खासगी विद्यापीठांना मात्र हे फी मंजुरीचं सगळं लागू नाही, त्यांची फी रचना वेगळी, तिथे माझा हा कागद उपयोगी पडणार नाही.

तू एक काळजी मात्र घे, वेळ कमी आहे. कॅपमध्ये जागा मिळाल्यावर कॉलेजला हजर होऊन प्रवेश निश्चित करायला मोजकेच दिवस असतात, आणि हप्त्यांची बोलणी त्याच दिवसांत उरकायची असतात. शेवटच्या दिवशी दुपारी चारला गेलास तर प्राचार्य नसतात आणि क्लर्क म्हणतो अर्धे भरा नाहीतर जागा जाईल. म्हणून पहिल्याच दिवशी सकाळी जा, वडिलांना घेऊन जा, दोन्ही अर्ज लिहून ने. ओरिजिनल कागद तपासून परत घ्यायचे, ठेवून घ्यायचा अधिकार कॉलेजला नाही. कॉलेज बदलायची वेळ आली तर मुदतीच्या आत प्रवेश रद्द केल्यास हजार रुपये कापून बाकी परत मिळतात, मुदत गेली की डिपॉझिट सोडून फारसं काही हाती लागत नाही, त्यामुळे पुढच्या राउंडची आशा असेल तर ती तारीख भिंतीवर लिहून ठेव.

आणि प्राचार्यांनी हप्त्याला नाहीच म्हटलं तर? आधी कमी मागून बघ, दोन हप्ते, २०,००० आणि डिसेंबरला ४२,५००. तेही नाही तर गावातल्या सावकाराकडे किंवा व्यापाऱ्याकडून कपाशीवर उचल घेण्याआधी ज्या बँकेत पीककर्ज आहे तिथे शैक्षणिक कर्जाचं विचार. चार लाखांपर्यंत साधारणपणे तारण मागत नाहीत, आणि परतफेड कोर्स संपल्यावर सुरू होते, व्याज मात्र तोपर्यंत चढत राहतं. बँक कॉलेजकडून चार वर्षांच्या खर्चाचं पत्र मागते, ते स्टुडंट सेक्शनला मिळतं. पण यात काही आठवडे जातात, प्रवेशाच्या मुदतीत ते बसत नाही, तेव्हा मंजुरीचं पत्र येईपर्यंत थांबा असा तिसरा अर्ज लागेल. आधी पहिले दोन देऊन बघ, माझ्या अनुभवात तारखा लिहिलेल्या अर्जाला सरळ नकार क्वचितच मिळतो, फार तर जानेवारीचं डिसेंबर करून देतात.